सही करण्याआधी सोडण्याचा हिशेब

ऑफर लेटर मेलवर आले की नजर आधी आकड्यावर जाते. वार्षिक सीटीसी किती, दरमहा हातात किती येणार, जॉइनिंगची तारीख कोणती. पत्र दोन-तीन पानांचे असते आणि त्याच्या शेवटाकडे अगदी साध्या शब्दांत लिहिलेले असते की, बाकीच्या सेवाशर्ती नियुक्तिपत्रात नमूद केल्याप्रमाणे आणि कंपनीच्या वेळोवेळी बदलणाऱ्या धोरणांप्रमाणे राहतील. हे नियुक्तिपत्र दहा-बारा पानांचे असते. पुष्कळ ठिकाणी ते रुजू होण्याच्या दिवशीच पहिल्यांदा समोर येते आणि त्याच्यासोबत पाचशे रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर छापलेला बॉण्ड असतो. तोवर जुन्या नोकरीचा राजीनामा मंजूर झालेला असतो. नाशिकहून किंवा कोल्हापुरातून आलेल्या मुलाने पुण्यात खोलीचे डिपॉझिटही भरलेले असते. त्या टेबलापाशी बसून ‘ही अट मला मान्य नाही’ असे म्हणणे जवळपास अशक्य असते.

म्हणून प्रोबेशन, सर्व्हिस बॉण्ड आणि नोटिस बायआउट या तिन्ही गोष्टी विचारायची खरी वेळ फार थोडी असते. निवड झाल्याचा फोन येतो आणि ऑफर स्वीकारल्याचा मेल जातो, त्यांच्यामधले ते चार-पाच दिवस. या दिवसांत उमेदवाराला नोकरी हवी असते, पण कंपनीलाही उमेदवार हवा असतो. मुलाखतीच्या तीन-चार फेऱ्या झालेल्या असतात, पदाला मंजुरी मिळालेली असते, टीम माणसाची वाट पाहत असते. एचआरकडून नीट उत्तर मिळण्याची शक्यता याच काळात सर्वांत जास्त असते.

बहुतेक लोक विचारतात ते एकेक प्रश्न सुटासुटा. प्रोबेशन किती महिन्यांचे? सहा. बॉण्ड आहे का? आहे, दीड वर्षाचा. बायआउट देता का? देतो. तिन्ही उत्तरे खरी असतात आणि तरीही त्यांतून काही कळत नाही, कारण ही तीन कलमे एकमेकांत अडकलेली असतात. प्रोबेशन लांबले तर बॉण्डची मुदत पुढे सरकू शकते. बायआउटची रक्कम देताना कंपनी ती परत घेण्याची स्वतंत्र अट घालते, म्हणजे तोही एक छोटा बॉण्डच होतो. प्रोबेशन संपले की नोटिसचा काळ तिप्पट-चौपट होतो. त्यामुळे खरा प्रश्न एकच उरतो: अमुक महिन्यात नोकरी सोडावी लागली, किंवा कंपनीने सोडायला लावली, तर कोण कोणाला किती रुपये देणार?

प्रोबेशनपासून सुरुवात करू. खासगी नोकरीत ते साधारण तीन ते सहा महिन्यांचे असते आणि ‘कंपनीला योग्य वाटल्यास वाढवता येईल’ असे वाक्य त्याला जोडलेले असते. किती वेळा वाढवता येईल आणि जास्तीत जास्त किती, हे लिहिलेले नसेल तर विचारले पाहिजे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सहा महिने पूर्ण झाले की माणूस आपोआप कायम होतो, की लेखी कन्फर्मेशन लेटर मिळेपर्यंत प्रोबेशनवरच धरला जातो? बऱ्याच नियुक्तिपत्रांत दुसरी अट असते. सहा महिने उलटले, काम चांगले चालले आहे, साहेबही खूश आहेत, म्हणून आपण कायम झालो असे समजणाऱ्याला दहाव्या महिन्यात कळते की त्याच्या फाइलमध्ये कन्फर्मेशनचे पत्रच नाही.

याचा परिणाम नोटिसवर होतो. प्रोबेशनमध्ये कंपनी सात किंवा पंधरा दिवसांच्या नोटिसवर माणसाला काढू शकते, असे करारात असते. पण त्याच काळात कर्मचाऱ्याने सोडायचे ठरवले तर त्याने किती दिवस द्यायचे? काही पत्रांत दोन्ही बाजूंना सारखेच दिवस असतात. काहींत कंपनीसाठी पंधरा आणि कर्मचाऱ्यासाठी तीस असतात. हा फरक ऑफर लेटरमध्ये दिसत नाही, नियुक्तिपत्रात दिसतो. तेव्हा ‘प्रोबेशनमध्ये दोन्ही बाजूंचा नोटिस पिरियड किती’ हा प्रश्न ‘दोन्ही बाजूंचा’ या शब्दांसह विचारायला हवा.

कन्फर्मेशननंतर कोणत्या सवलती सुरू होतात, तेही याच ओघात कळून घेता येते. हक्काची रजा, गट आरोग्य विमा, पगारवाढीचे चक्र या गोष्टी कंपनीच्या धोरणावर असतात. पण काही गोष्टी धोरणावर नसतात. जिथे भविष्यनिर्वाह निधीचा कायदा लागू आहे तिथे पात्र कर्मचाऱ्याची पीएफची वर्गणी पहिल्या दिवसापासून जाते. प्रोबेशन संपेपर्यंत ती थांबवता येत नाही. ग्रॅच्युइटीची सेवाही रुजू झाल्याच्या तारखेपासूनच मोजतात. आणि बाळंतपणाच्या रजेसाठी कायदा पाहतो ते आधीच्या बारा महिन्यांत त्या मालकाकडे ऐंशी दिवस काम झाले आहे का एवढेच. बाई प्रोबेशनवर आहे म्हणून ही रजा नाकारता येत नाही. एखाद्या एचआरने याच्या उलट सांगितले, तर त्या कंपनीतल्या बाकीच्या उत्तरांकडेही सावधपणे पाहिलेले बरे.

आता बॉण्ड. याबद्दल दोन टोकाच्या समजुती सगळीकडे ऐकू येतात. एक म्हणजे ‘बॉण्डला कायद्यात काही किंमत नसते, बिनधास्त सही कर.’ दुसरी म्हणजे ‘सही केली की संपले, दोन वर्षे सुटका नाही.’ दोन्ही चुकीच्या आहेत, आणि त्या चुकीच्या का आहेत हे दोन निकालांवरून चांगले समजते.

पहिला निकाल सर्वोच्च न्यायालयाचा, १४ मे २०२५ चा. विजया बँकेने २००६ मध्ये अधिकाऱ्यांच्या ३४९ जागांची जाहिरात काढली. तीन वर्षे पूर्ण होण्याआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरावे लागतील, ही अट त्या जाहिरातीतच होती. एक अधिकारी सप्टेंबर २००७ मध्ये वरिष्ठ व्यवस्थापक या पदावर रुजू झाले आणि जुलै २००९ मध्ये दुसऱ्या बँकेत जाण्यासाठी त्यांनी राजीनामा दिला. निषेध नोंदवून त्यांनी दोन लाख भरले आणि मग ती अट बेकायदा आहे म्हणून न्यायालयात गेले. कर्नाटक उच्च न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र तो निकाल फिरवला. नोकरी चालू असतानाच्या काळासाठी घातलेली अशी अट म्हणजे व्यवसायबंदी नव्हे, असे न्यायालयाने म्हटले. सार्वजनिक बँकेला खुली, खर्चिक भरतीप्रक्रिया पार पाडावी लागते आणि मधेच सोडून जाणाऱ्यामुळे ती पुन्हा करावी लागते. शिवाय त्या हुद्द्याच्या पगाराकडे पाहता दोन लाख ही रक्कम राजीनामा अशक्य करणारी नाही, असे न्यायालयाचे मत पडले. पैसे भरले २००९ मध्ये आणि शेवटचा निकाल लागला २०२५ मध्ये. मधली वर्षे हीसुद्धा त्या बॉण्डची किंमत धरायला हवी.

दुसरा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाचा, २०११ चा. सिक्पा इंडिया या कंपनीच्या एका कर्मचाऱ्याचा करार असाच होता: तीन वर्षे, नाहीतर दोन लाख. त्याने दोन वर्षांनी नोकरी सोडली. कंपनीने पूर्ण दोन लाखांचा दावा लावला. पण त्याच्यावर झालेला खर्च म्हणून तिला न्यायालयात दाखवता आले ते ६७,५९६ रुपये. तीनपैकी दोन वर्षे तर त्याने काम केले होते. मग उरलेल्या एका वर्षाचा वाटा, म्हणजे एक-तृतीयांश, २२,५३२ रुपये एवढेच कनिष्ठ न्यायालयाने मंजूर केले. कंपनीने अपील केले, पण उच्च न्यायालयाने आकडा वाढवला नाही.

एकाच आकड्याच्या दोन बॉण्डांचे असे दोन शेवट का झाले? दुसऱ्याच्या मुळाशी १८७२ च्या करार कायद्याचे कलम ७४ आहे. करार मोडल्यावर किती रक्कम द्यायची हे त्यात आधीच लिहिलेले असले, तरी ती रक्कम ही वरची मर्यादा असते आणि न्यायालय तिच्या आत राहून वाजवी भरपाई ठरवते. एका ठिकाणी बँकेच्या भरतीचे विशिष्ट स्वरूप होते, अट जाहिरातीतच सांगितलेली होती आणि हुद्दा मोठा होता. दुसऱ्या ठिकाणी खर्चाचा कागद कमी पडला. उमेदवाराला यातून मिळणारा धडा नेमका आहे. बॉण्डची रक्कम कशापोटी आहे, हे विचारायचे. प्रशिक्षण कोणते, किती आठवड्यांचे, कोण देणार, परदेशी किंवा बाहेरच्या संस्थेत पाठवणार की आतल्याच सहकाऱ्याकडून प्रोजेक्टची माहिती करून देणार? कंपनी खरोखर लाख रुपये खर्चून एखादे प्रमाणपत्र मिळवून देत असेल, तर तिने दीड वर्षाची हमी मागणे न्याय्य आहे. दोन आठवड्यांच्या ओळखवर्गासाठी दोन लाखांचा बॉण्ड न्याय्य नाही, आणि हे सही करण्याआधी बोलून दाखवण्यात काही उद्धटपणा नाही.

बॉण्ड असला तरी नोकरी करायलाच लावणारा आदेश न्यायालय देत नाही. प्रश्न असतो तो पैशांचा. त्यातही एक बारीक गोष्ट आहे. करार ठरावीक मुदतीचा असेल तर त्या मुदतीपुरते प्रतिस्पर्ध्याकडे जायला न्यायालय मनाई करू शकते. हा कायदा महाराष्ट्रातल्याच एका जुन्या खटल्यात पक्का झाला. कल्याणच्या सेंच्युरी कंपनीत टायर कॉर्ड विभागातल्या एका शिफ्ट सुपरवायझरने १९६३ मध्ये पाच वर्षांचा करार केला होता. परदेशी कंपनीकडून आलेल्या तंत्राचे शिक्षण त्याला मिळाले होते. पुढच्याच वर्षी तो कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये जास्त पगारावर गेला. गोलिकरी खटला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये कंपनीच्या बाजूने मनाई कायम ठेवली. नोकरी रीतसर संपल्यानंतरही ‘याच क्षेत्रात दुसरीकडे काम करू नये’ असे बंधन मात्र करार कायद्याच्या कलम २७ प्रमाणे टिकत नाही. तेव्हा बॉण्ड वाचताना ‘काळात’ आणि ‘नंतर’ या दोन शब्दांपाशी थांबून वाचावे.

बॉण्डबद्दल आणखी तीन गोष्टी विचारल्याशिवाय सही करू नये. पहिली, मुदत कधीपासून मोजणार: रुजू झाल्यापासून, प्रशिक्षण संपल्यापासून की कन्फर्मेशनपासून? दुसरी, जसजसे महिने भरतील तसतशी रक्कम कमी होणार का? तिसरी, कंपनीने स्वतःच काढले, प्रोजेक्ट बंद झाला किंवा प्रोबेशनमध्ये कामगिरी पसंत पडली नाही, तर बॉण्ड लागू राहणार का? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तोंडी बहुधा ‘नाही, तसे कसे होईल’ असेच येते. तेच उत्तर मेलवर एका ओळीत मागावे. कागदावर ‘कोणत्याही कारणाने सेवा संपुष्टात आल्यास’ असे शब्द असतील आणि मेलवर काहीच नसेल, तर पुढे कागदच खरा धरला जातो.

आणि दोन गोष्टी कधीच देऊ नयेत. एक म्हणजे मूळ गुणपत्रिका आणि पदवी प्रमाणपत्रे. पडताळणीसाठी दाखवायची, स्कॅन करून द्यायची आणि त्याच दिवशी परत घ्यायची. ‘बॉण्ड संपेपर्यंत आमच्याकडे सुरक्षित राहतील’ असे सांगणारी कंपनी उमेदवाराच्या पुढच्या प्रत्येक नोकरीवर हात ठेवत असते. दुसरी गोष्ट म्हणजे सही केलेला कोरा धनादेश. बॉण्डचा दावा दिवाणी असतो आणि त्यात कंपनीला नुकसान दाखवावे लागते. धनादेश वटला नाही तर प्रकरण फौजदारी होते. सही आपलीच असली की तो धनादेश देण्यासारखे कायदेशीर देणे होते, असे आधी गृहीत धरले जाते आणि ते खोडून काढण्याची जबाबदारी सही करणाऱ्यावर येते. आकडा दुसऱ्याने भरला होता, एवढे सांगून सुटका होत नाही. हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

नोटिस बायआउटचा विषय मात्र नव्या कंपनीच्या पत्रापासून सुरू होत नाही. तो जुन्या कंपनीच्या नियुक्तिपत्रापासून सुरू होतो. घरातल्या फाइलमधून ते पत्र काढून आधी वाचावे, कारण बायआउटमध्ये दोन वेगळे होकार लागतात. उरलेल्या दिवसांचे पैसे घेऊन माणसाला लवकर सोडायचे की नाही, हे जुनी कंपनी ठरवते. ते पैसे भरून द्यायचे की नाही, हे नवी कंपनी ठरवते. नव्या कंपनीचा एचआर ‘आम्ही बायआउट करतो’ म्हणतो, तेव्हा तो फक्त दुसऱ्या होकाराबद्दल बोलत असतो. जुन्या पत्रात ‘नोटिसऐवजी रक्कम स्वीकारणे हे कंपनीच्या मर्जीवर राहील’ असे असेल, तर पैसे हातात असूनही नव्वद दिवस भरावे लागू शकतात. न भरता निघून गेले तर रिलीव्हिंग लेटर अडकते आणि नव्या ठिकाणच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये नेमके तेच पत्र मागतात. खटल्यापेक्षा हे पत्र अडकण्याचीच भीती कर्मचाऱ्याला जास्त असते, आणि ती खोटी नाही.

पुढचा प्रश्न असतो दिवसाच्या किमतीचा. एका दिवसाची रक्कम बेसिकवर मोजणार, पूर्ण मासिक पगारावर की सीटीसीवर? शिल्लक रजा नोटिसमध्ये धरणार का? एक दिलासा असा की नोटिसपोटी कापलेल्या रकमेवर जीएसटी लावायचा का यावरचा वाद आता मिटला आहे. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने ३ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात तो लागत नाही असे सांगितले, आणि मुदतीआधी सोडल्याबद्दल घेतलेल्या बॉण्डच्या रकमेलाही तेच लागू केले. फुल अँड फायनलच्या कागदावर या रकमेपुढे अठरा टक्के दिसले तर ते परिपत्रक दाखवावे.

आता एक हिशेब पूर्ण मांडून पाहू. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, पण अटी रोज दिसणाऱ्या आहेत. हडपसरच्या एका कंपनीत तीन वर्षे काम केलेली एक अभियंता. मासिक पगार ५०,०००, त्यातले बेसिक २५,०००, नोटिस नव्वद दिवस. हिंजवडीच्या कंपनीने तिला ६५,००० देऊ केले आहेत आणि तीस दिवसांत रुजू व्हायला सांगितले आहे. म्हणजे साठ दिवस विकत घ्यावे लागणार. जुन्या पत्रात रक्कम पूर्ण पगारावर मोजायची असेल तर एक लाख, बेसिकवर असेल तर पन्नास हजार. नवी कंपनी साठ हजारांपर्यंत बायआउट देते. पूर्ण पगाराचा नियम निघाला तर चाळीस हजार तिचे स्वतःचे जाणार, हे इथेच दिसले.

पण साठ हजारही लगेच मिळत नाहीत. जुनी कंपनी पैसे फुल अँड फायनलमधून कापते. त्याची पावती दाखवल्यावर नवी कंपनी पहिल्या किंवा दुसऱ्या पगारासोबत रक्कम देते आणि ती पगाराचाच भाग धरून तिच्यावर टीडीएस कापते. वीस टक्क्यांच्या टप्प्यात असलेल्या माणसाच्या हातात साठातले साधारण अठ्ठेचाळीस पडतात. आणि एका वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास परत मागतात ते पूर्ण साठ. म्हणून ‘वसुली ढोबळ रकमेची की हातात आलेल्या रकमेची’ हेही विचारण्याजोगे आहे.

नव्या नोकरीच्या अटी अशा: प्रोबेशन सहा महिने, त्यानंतर नोटिस नव्वद दिवस, अठरा महिन्यांचा दीड लाखाचा बॉण्ड. समजा, दहाव्या महिन्यात घरच्या कारणाने तिला सोडावे लागले आणि नव्वदपैकी तीसच दिवस भरता आले. काहीच न विचारता सही केली असेल, तर कंपनी मागेल बॉण्डचे पूर्ण १,५०,०००, बायआउटचे पूर्ण ६०,००० आणि साठ दिवसांच्या पूर्ण पगाराचे १,३०,०००. एकूण ३,४०,०००. पाच महिन्यांच्या पगारापेक्षाही जास्त.

आता तेच, विचारून बदल करून घेतला असता तर. बॉण्ड महिन्यांच्या प्रमाणात कमी होणारा: अठरापैकी आठ महिने उरले, म्हणून सुमारे ६६,७००. बायआउटची वसुलीही प्रमाणात: बारापैकी दोन महिने उरले, म्हणून १०,०००. नोटिसची रक्कम बेसिकवर, आणि बेसिक पगाराच्या निम्मे धरले तर दोन महिन्यांचे ६५,०००. एकूण सुमारे १,४१,७००. नोकरी तीच, पगार तोच, सोडण्याचा महिना तोच. जवळजवळ दोन लाखांचा फरक तीन वाक्यांचा आहे. आणि बॉण्डची मुदत कन्फर्मेशनपासून मोजायची असती, तर अठरा महिन्यांचा बॉण्ड प्रत्यक्षात रुजू झाल्यापासून चोवीस महिन्यांचा झाला असता. प्रोबेशन तीन महिने वाढले असते, तर सत्तावीस.

हे सारे विचारायचे कसे, यावर लोक फार अडखळतात. ‘आत येण्याआधीच बाहेर जाण्याचे विचारतो’ असे कंपनीला वाटेल, ही धास्ती असते. अनुभवी एचआरला तसे वाटत नाही. त्याच्याकडे हे प्रश्न नेहमी येतात आणि वरच्या हुद्द्यावरचे उमेदवार तर ते हटकून विचारतात. बोलणे फोनवर सुरू करावे आणि मेलवर संपवावे. फोनवर एवढेच म्हणावे: ‘मॅडम, ऑफरबद्दल आनंद आहे, मला जॉइन व्हायचे आहे. स्वीकारल्याचा मेल पाठवण्याआधी नियुक्तिपत्राचा आणि बॉण्डचा मसुदा पाहायला मिळेल का? दोन-तीन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत.’ मसुदा मागणे हीच पहिली पायरी. तो वाचला की निम्म्या प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळतात आणि उरलेले प्रश्न नेमके होतात.

मग मेल. त्यात पाच-सहा प्रश्नांहून जास्त नकोत, आणि प्रत्येक प्रश्न असा हवा की त्याचे उत्तर आकड्यात किंवा हो-नाहीत यावे. ‘बॉण्डबद्दल अधिक माहिती द्यावी’ असे लिहिले की धोरणाची पीडीएफ येते. ‘बॉण्डची मुदत रुजू होण्याच्या तारखेपासून मोजली जाईल, असे समजू का?’ असे लिहिले की उत्तर द्यावेच लागते. फोनवर काही ठरले असेल तर त्याच दिवशी लिहावे: ‘आपल्या बोलण्याप्रमाणे कंपनीने सेवा संपवल्यास बॉण्ड लागू होणार नाही, असे मी समजतो. यात काही चूक असल्यास कळवावे.’

‘ही स्टँडर्ड पॉलिसी आहे, सगळ्यांना हीच’ हे उत्तर बहुधा येतेच, आणि ते खरेही असू शकते. मोठ्या कंपन्यांमध्ये एचआरला कराराचे छापील कलम बदलण्याचा अधिकार नसतो. मग कलम बदलायला सांगण्याऐवजी ऑफर लेटरमध्ये एक जादा ओळ मागावी किंवा खुलासा मेलवर मागावा. ते त्यांच्या हातात असते. रक्कम कमी होत नसेल तर प्रमाणात कमी होण्याची अट मागावी. तीही नसेल तर जॉइनिंगची तारीख पंधरा दिवस पुढे मागावी, म्हणजे विकत घ्यायचे दिवस कमी होतील. ही शेवटची सवलत सर्वांत सहज मिळते, कारण तिच्यासाठी कोणाला करार बदलावा लागत नाही.

पहिल्यांदाच नोकरीला लागणाऱ्यांना हा मोकळेपणा कमी असतो. कॅम्पस प्लेसमेंटमध्ये एकच बॉण्ड सत्तर मुलांना एकदम दिला जातो आणि एकट्याने प्रश्न विचारला तर ऑफर जाईल ही भीती असते. तिथे प्रश्न प्लेसमेंट अधिकाऱ्यामार्फत सर्वांच्या वतीने जावा. कॉलेजला त्या कंपनीने पुढच्या वर्षीही यायला हवे असते आणि कंपनीलाही कॉलेज हवे असते, त्यामुळे हे बोलणे बरोबरीच्या नात्याने होते. मागच्या वर्षी त्याच कंपनीत गेलेल्या मुलांना फोन करून बॉण्डची रक्कम खरोखर वसूल करतात का, प्रमाणपत्रे ठेवून घेतात का, कन्फर्मेशनचे पत्र वेळेवर देतात का, हे विचारणेही तितकेच उपयोगाचे असते. जामीनदार म्हणून वडिलांची सही मागितली असेल, तर वडिलांनीही तो कागद स्वतः वाचावा. त्या सहीने रकमेची जबाबदारी त्यांच्यावरही येते.

आणि एखादी कंपनी मसुदा दाखवायलाच तयार नसेल तर? ‘जॉइन झाल्यावर मिळेल’ असे दोनदा लेखी विचारूनही उत्तर आले, तर उमेदवाराला त्या नोकरीची गरज किती आहे यावर पुढचा निर्णय अवलंबून असतो. घर चालवायचे असेल तर माणूस घेईलही. पण निदान पेपर टाकण्याआधी त्याला कळलेले असते की दीड लाखाची एक अट न पाहता आपण जात आहोत, आणि तेवढी रक्कम बाजूला ठेवायची की दुसऱ्या ऑफरसाठी आठवडाभर थांबायचे, हे तो ठरवू शकतो. लेखी उत्तर आणि सही झालेले ऑफर लेटर हातात येईपर्यंत जुन्या ठिकाणी राजीनाम्याचा शब्दही काढू नये, मग नवी कंपनी कितीही घाई करो.

हा सगळा पत्रव्यवहार स्वतःच्या खासगी मेलवरूनच करावा आणि त्याची प्रत, बॉण्डच्या झेरॉक्ससह, घरच्या फाइलमध्ये ठेवावी. रुजू झाल्यावर एचआर कंपनीच्या मेलवर काही खुलासा पाठवेल, तोही नियमात बसत असेल तर उतरवून किंवा छापून घ्यावा. शेवटच्या दिवशी संध्याकाळी लॅपटॉप जमा होतो, कंपनीचा मेल बंद होतो, आणि हिशेबाचा वाद सुरू होतो तो त्यानंतर.